शिपाई कोणत्या बाजूने येतो

संग्रामपूर,
३ जुलै १९६६

ती. मामांस अन्नपूर्णेचा सा. नमस्कार.

लग्नानंतर भाचीने पत्र लिहिलं तेही कामासाठी, असं तुम्ही म्हणणारच. म्हणा. काम आहेच.

गणपतीत इथली मंडळी नाटक बसवतात. यंदा चिटणीस कोण, तर तुमचे जावई. मागच्या वर्षी जळगाव जामोदच्या मंडळींनी कोर्टाचा प्रवेश केला, त्याला टाळ्यांवर टाळ्या पडल्या, म्हणून यंदा संग्रामपुरालाही कोर्ट पाहिजे. आयतं नाटक आणायला कोणी तयार नाही. मग ह्यांनी चारचौघांत सांगून टाकलं की आमच्या घरात शिकलेली मास्तरीण आहे, ती लिहील. मी नको म्हणायच्या आत नारळ फुटला होता.

गोष्ट मी अशी घेतली आहे. शालिग्राम नावाचा दुकानदार, त्याची बायको विमल. ती लग्नाआधीपासून दूरच्या गावी शाळेत शिकवते. लग्नानंतर तो म्हणतो, नोकरी सोड. ती म्हणते, सोडणार नाही, पण दर शनिवारी घरी येईन. तो कोर्टात जातो आणि बायको नांदायला मागतो. दोन वकील, एक न्यायाधीश. शेवटी विमलचा वकील असं भाषण करतो की न्यायाधीश डोळे पुसतात आणि अर्ज फेटाळतात.

प्रवेश सोबत पाठवते आहे. मी कोर्टाची पायरी कधी चढले नाही आणि तुम्ही वकील, तेव्हा जिथे चुकलं तिथे खूण करा. ह्यांचं म्हणणं आहे की नवऱ्याचा वकील अगदीच बावळट झाला आहे. हे बहुतेक तीच भूमिका करणार आहेत.

एक सांगायचं राहिलं. आमच्या घरी आलेलं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचायची रीत आहे. सासूबाईंना आता जवळजवळ दिसत नाही, म्हणून हे वाचतात आणि सगळे ऐकतात. गेलेलं पत्रही पोस्टात पडायच्या आधी वाचलं जातं. तेव्हा सगळ्यांना ऐकता येईल असंच लिहा. मामींना नमस्कार.

तुमची,
अन्नपूर्णा


खामगाव,
१२ जुलै १९६६

चि. सौ. अन्नपूर्णास गुलाबराव मामाचे अनेक आशीर्वाद. ओसरीवर बसलेल्या सर्व मंडळींस नमस्कार, आणि वाचणाऱ्या जावईबापूंना घसा ओला करायला थोडं पाणी ठेवावं, कारण पत्र लांब आहे.

तुझा प्रवेश वाचला. मामी म्हणाली फार छान. मी म्हणालो, असं कोर्ट मला एकदा तरी भेटलं असतं तर मी आज मोटार घेतली असती. अगं, वकील टेबलावर मुठी आपटत नाहीत, आणि साक्षीदाराच्या अंगावर धावून तर मुळीच जात नाहीत. न्यायाधीश साक्ष स्वतःच्या हाताने लिहून घेतात. त्यांचा टाक चालू आहे तोवर वकिलाला थांबावं लागतं. ते वर बघून ‘हं’ म्हणाले की पुढचा प्रश्न. खऱ्या कोर्टात निम्मा वेळ ह्या शांततेत जातो. तुझ्या नाटकाला ती शांतता हवी आहे, कारण साक्षीदार त्याच वेळी घामाघूम होतो.

आता क्रम ऐक. अर्ज शालिग्रामचा, म्हणून तो अर्जदार आणि विमल गैरअर्जदार. तिने लेखी उत्तर दिलं की न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. इथे मुद्दे दोनच. बायकोने नवऱ्याची सोबत सोडली काय? सोडली असेल तर सबळ कारणाशिवाय काय? पहिलं त्याने सिद्ध करायचं, दुसऱ्यात कारण तिने दाखवायचं. हे दोन मुद्दे प्रवेशाच्या सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे कशावर भांडण आहे ते मागच्या रांगेतल्या माणसालाही कळेल.

मग अर्जदाराची सरतपास. त्याचा स्वतःचा वकील विचारतो, पण उत्तर तोंडात घालून नाही. तू लिहिलंस, ‘तुमची बायको तुम्हाला सोडून गेली, खरं ना?’ असं विचारताच समोरचा वकील उठेल आणि न्यायाधीश प्रश्न नाकारतील. आपल्या साक्षीदाराला विचारायचं, ‘मग काय झालं?’ उलटतपासात मात्र उत्तर तोंडात घालता येतं. तिथे वकील असा विचारतो की समोरच्याने फक्त होय नाहीतर नाही म्हणावं. दोन्ही बाजूंच्या साक्षी संपल्या की मगच भाषणं, आणि भाषणात साक्षीत न आलेलं काही बोलायचं नाही. तुझ्या वकिलाने शेवटी विमलच्या गरीब बापाची कहाणी सांगितली. ती कोणत्या साक्षीत आली? कुठेच नाही. मी समोर असतो तर त्याला तिथेच बसवला असता.

आणि आता मुख्य दोष. जावईबापू बरोबर म्हणतात. तू विमलला सगळं खरं दिलंस आणि शालिग्रामला सगळं खोटं दिलंस. त्याचा वकील दारू प्यायलेला काय, त्याचे साक्षीदार विकत घेतलेले काय. असा खटला जिंकून कोणाचं काय भलं होणार? दोन्ही बाजू पटायला हव्या असतील तर दोघांना वेगवेगळी हकीकत देऊ नकोस. एकच हकीकत दे, ती दोघांनाही कबूल असू दे, आणि दोघांनी तिचे दोन अर्थ लावावेत. ती दर शनिवारी येते, हे दोघांनाही मान्य आहे ना? मग तिचा वकील म्हणेल, जी दर शनिवारी घरी येते तिने घर सोडलं कसं? त्याचा वकील म्हणेल, जी रविवारी संध्याकाळी परत जाते ती घरी आली कशी? आता प्रेक्षकाने काय करावं?

ज्या बाजूने हरावं असं तुला वाटतं, तिचं बोलणं आधी लिही. ते लिहिताना तुला स्वतःला पटलं नाही तर फाडून पुन्हा लिही.

एक गंमत. अशा खटल्यात कोणत्याही पक्षाने मागितलं तर न्यायाधीश दारं बंद करून चालवतात आणि लोकांना बाहेर काढतात. तेव्हा तुझ्या नाटकात ते कोणी मागू नये, नाहीतर सगळं संग्रामपूर मांडवाबाहेर जाऊन बसेल.

गुलाबराव मामा


संग्रामपूर,
३० जुलै १९६६

ती. मामांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र इथे दोनदा वाचलं गेलं. दुसऱ्यांदा नाटकातल्या मंडळींना बोलावून. मोटारीवर सगळे हसले.

तुम्ही सांगितलं तसं आधी शालिग्रामची बाजू लिहिली. चार वेळा फाडली. हे रोज रात्री जेवताना विचारायचे, झाला का माझा वकील? मी म्हणायची, अजून बावळटच आहे. मग एके दिवशी सासूबाई अंगणात ठेच लागून पडल्या. मी आत भाकरी करत होते, म्हणून धावले. फार लागलं नाही. पण त्या मला धरून उठताना म्हणाल्या, “तू नसती तं मी इथंच पडून राह्यली असती, बाई.” त्या रात्री शालिग्रामची बाजू एका बैठकीत लिहून झाली.

आता उलटतपास असा आहे. विमलचा वकील शालिग्रामला विचारतो:

‘लग्नाआधी तुम्हाला ठाऊक होतं की ही शिक्षिका आहे?’ होय. ‘मुलगी पाहायला गेलात तेव्हा ती शाळेतूनच आली होती?’ होय. ‘कापूस विकायला तुम्ही अकोल्याला जाता तेव्हा पंधरा-पंधरा दिवस तिकडेच राहता?’ होय. ‘तेव्हा तुम्ही बायकोला सोडलेलं असतं काय?’ नाही.

इथे तो थांबला असता तर खटला त्याचाच होता. पण त्याला चेव येतो आणि तो आणखी एक विचारतो. ‘मग तिच्या नोकरीचं तुम्हाला एवढं वावडं कशापायी?’ आणि शालिग्राम म्हणतो, ‘माझी आंधळी आई अंगणात पडली, साहेब. मी दुकानात होतो. तिला उचलायला घरात कोणी नव्हतं.’ न्यायाधीश लिहून घेतात. मी तिथे टाक किती वेळ चालवायचा तेही लिहिलं आहे.

भाषणात विमलचा वकील म्हणतो, नवरा घरासाठी बाहेर राहिला तर तो कर्तबगार, आणि बायको बाहेर राहिली तर तिने घर टाकलं, असा कायदा कुठे लिहिला आहे? आणि शालिग्रामचा वकील म्हणतो, नवरा गेला तरी घर मागे राहतं, कारण घरात ती असते. दोघेही गेले तर दाराला कुलूप लागतं. त्या कुलपाआड एक म्हातारी बसली आहे.

मामा, हे लिहून झाल्यावर मी वाचलं आणि मलाच पटलं. रडू आलं. ह्यांनी ओसरीवर वाचून दाखवलं आणि कागद नीट घडी घालून खिशात ठेवले. आता विमलने काय बोलावं ते मला सुचत नाही. ती कुठेही वळली तरी समोर त्याचंच खरं दिसतं. मीच लिहिलेला त्याचा वकील मला अडकवून बसला आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विमलने जिंकावं असं कायद्यात आहे ना? आणि समजा ती हरली, तर शिपाई तिला न्यायला कोणत्या बाजूने येतो? म्हणजे नवऱ्याच्या ताब्यात तिला तिथेच देतात, की पोलीस घरी येऊन घेऊन जातात? आमच्या रंगमंचाला एकाच बाजूला पायऱ्या आहेत, म्हणून आधी कळलं तर बरं. ह्याचं उत्तर नक्की द्या.

तुमची,
अन्नपूर्णा


खामगाव,
९ ऑगस्ट १९६६

चि. सौ. अन्नपूर्णास अनेक आशीर्वाद.

शाबास. ‘एक प्रश्न जास्त’ हे मी तुला शिकवलं नव्हतं. हे शिकायला मला दहा वर्षं आणि तीन हरलेले खटले लागले होते. तुझा प्रवेश मी वकिलांच्या बाररूममध्ये वाचून दाखवला. तिथे दोन तट पडले आणि चहा थंड झाला. ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला देता येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. विमल जिंकत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, कायदा तसा आहे. विवाहाच्या कायद्यात ह्या अर्जाला वाटेल ते उत्तर चालत नाही. ज्या कारणासाठी तिला स्वतःला विभक्त राहण्याचा हुकूम किंवा घटस्फोट मिळाला असता, किंवा लग्नच रद्द ठरलं असतं, तेवढंच कारण उत्तर म्हणून मांडता येतं. नवऱ्याने जीवाला धोका वाटावा इतका छळ केला, टाकून दिलं, असाध्य रोग आहे, अशी. ‘मला शिकवायला आवडतं’ हे त्यात बसत नाही. ‘लग्नाआधीपासून नोकरी होती’ हेही नाही. तुझा शालिग्राम चांगला माणूस आहे, हात उगारत नाही, उपाशी ठेवत नाही, आणि हीच तर विमलची अडचण आहे. तो थोडा वाईट असता तर ती सुटली असती.

तेव्हा पहिल्या मुद्द्यावर लढ. तिने सोबत सोडलीच नाही, शनिवारी येते, एवढंच तिच्या वकिलाने धरून बसावं. तिथे खरी झुंज आहे. पण निकाल विचारशील तर पुष्कळसे न्यायाधीश शालिग्रामच्याच बाजूने देतील, आणि तुझ्या नाटकातही तसाच द्यावा. रडणारा न्यायाधीश काढून टाक. त्याला वाईट वाटलं तरी चालेल, पण त्याने कायदा वाचून दाखवावा.

पायऱ्यांचं वगैरे तुम्ही मंडळीच ठरवा. ते नाटकवाल्यांचं काम, माझं नाही. पाऊस इकडे रुसला आहे, तिकडे कसं?

गुलाबराव मामा


संग्रामपूर,
२० ऑगस्ट १९६६

ती. मामासाहेबांस इंद्रभानचा सा. नमस्कार.

मी प्रथमच लिहीत आहे, चूकभूल माफ असावी. आमचं शिक्षण सातवीपर्यंत. पण तुमची पत्रं वाचून वाचून अर्धा वकील झालो आहे असं लोक म्हणतात. दुकानात गिऱ्हाईक भाव करायला लागलं की मी म्हणतो, हा मुद्दा तुम्ही सिद्ध करा.

शालिग्रामच्या वकिलाचं काम मीच करतो. भाषण तोंडपाठ आहे. पण एक वाटतं, माझा वकील उलटतपासात कमी पडतो. तो विमलला नुसतं ‘नोकरी मोठी की नवरा’ असं विचारतो. हे तर कोणीही विचारील. मला एक प्रश्न सुचला आहे, तो कायद्यात बसतो काय ते कळवावं.

आपल्याकडे दारात पाहुणा आला की आपण तांब्या पुढे करतो. घरच्या माणसाला कोणी तांब्या देत नाही. तो चप्पल काढतो, आत जातो आणि रांजणातून आपल्या हाताने पाणी घेतो. तर माझा वकील विमलला विचारील, ‘शनिवारी तुम्ही घरी आल्या की पाणी कोण देतं?’ बाई खरं बोलणारी आहे. ती म्हणेल, सासूबाई तांब्या आणून देतात. बस. मी खाली बसतो. एक प्रश्नही जास्त नाही.

हे अन्नपूर्णेला सांगितलं तेव्हा तिने प्रश्न माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाली, घाला, चांगला आहे.

तिची तब्येत ठीक नसते. जेवत नाही. नाटकाचा ताण असावा. तिने मला दोनदा विचारलं, हरलेल्या बाईला शिपाई कसा नेतो, मामांनी काहीच कळवलं नाही. मी म्हटलं, नाटकच तर आहे. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, तिची देऊळघाटच्या शाळेतली बिनपगारी रजा दिवाळीच्या सुटीपर्यंतच आहे. राजीनामा मी लिहून ठेवला आहे, तिची सही तेवढी राहिली. लग्नात तिने शाळा सोडण्याचं कबूल केलं नव्हतं हे खरं. पण तेव्हा आईला दिसत होतं. मध्यंतरी ती सुटीनंतर रुजू होते म्हणाली, तेव्हा मी रागात बोलून गेलो की गेलीस तर कोर्टातून पोलीस लावून आणीन. आमच्यात असं कोणी कधी केलेलं नाही. पण तेव्हापासून ती त्यावर एक शब्द बोलली नाही आणि नाटक लिहायला बसली. मला वाटतं तिला पटलं असावं. नाहीतर शालिग्रामची बाजू इतकी चांगली कोणी लिहील काय?

आपला,
इंद्रभान


खामगाव,
२४ ऑगस्ट १९६६

चि. सौ. अन्नपूर्णास अनेक आशीर्वाद. हे पत्रही जावईबापूंनी नेहमीसारखं ओसरीवर मोठ्याने वाचावं, मुद्दाम सांगतो आहे. एक अक्षरही गाळू नये.

पोरी, तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी तो नाटकवाल्यांवर ढकलून मोकळा झालो. माझं चुकलं. तीस वर्षं वकिली करून मला एवढं कळू नये की पक्षकार शेवटी, उठता उठता जे विचारतो तेच विचारायला तो आलेला असतो. मला फार वाईट वाटलं. मामी तर माझ्याशी बोलत नाही.

आधी जावईबापूंच्या प्रश्नाचं उत्तर. तांब्याचा प्रश्न कायद्यात पूर्ण बसतो आणि तो इतका चोख आहे की माझ्या डोक्यात आला नाही ह्याचा मला हेवा वाटला. उलटतपास असाच असावा. तुम्ही खटला जिंकलात, जावईबापू. आता जिंकल्यावर काय होतं तेही ऐका.

शिपाई कोणत्याच बाजूने येत नाही.

नीट लिहून ठेव. न्यायाधीश अर्ज मंजूर करतात आणि हुकूमनामा होतो की बायकोने नवऱ्याकडे नांदायला जावं. तिथे कोर्टाचं काम संपतं. पोलीस येत नाही, कोर्टाचा बेलीफ हात धरत नाही. पूर्वी कधीकाळी अशा हुकमासाठी तुरुंगात टाकता येत असे, ती तरतूद जाऊन चाळीस वर्षं झाली. विमल गेली नाही, तर शालिग्राम फार तर तिची मालमत्ता जप्त करायला अर्ज देऊ शकतो. त्याचा त्रास होतो, होत नाही असं मी म्हणणार नाही. वकील करावा लागतो, चार लोक बोलतात, तारखांना जावं लागतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे जिंकणाऱ्यालाही लागू आहे. पण माणूस जप्त होत नाही.

पुढे आणखी आहे. हुकूमनाम्यानंतर दोन वर्षं दोघं एकत्र आली नाहीत, तर लग्न मोडून मागता येतं. आधी हे फक्त जिंकणाऱ्याला मागता येत असे. अलीकडेच कायदा बदलला, आता हरणाऱ्यालाही मागता येतं. म्हणजे शालिग्राम जिंकला, तर ज्या दाराला कुलूप लावायला तो कोर्टात गेला त्याचीच किल्ली त्याने तिच्या हातात दिली असं होईल. त्याला हे त्याच्या वकिलाने सांगितलं होतं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी असतो तर सांगितलं असतं. विमलने हे मागावं असं मी म्हणत नाही. तिला शनिवारी घरी यायचं आहे, हे तिने शपथेवर सांगितलं आहे, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.

म्हणून तुझा शेवट असा कर. निकाल झाला. शालिग्राम विचारतो, ‘साहेब, मग हिला घेऊन जाऊ?’ न्यायाधीश म्हणतात, ‘कोर्ट हुकूम देतं, माणूस हातात देत नाही.’ आणि विमल उभी राहते. पुढे काही लिहू नकोस. पडदा पाड.

राजीनाम्यावर सही करायची की नाही, हा कोर्टाचा मुद्दा नाही आणि माझाही नाही. तो कागद तुझा आहे.

गुलाबराव मामा


देऊळघाट,
२८ नोव्हेंबर १९६६

ती. मामांस अन्नपूर्णेचा सा. नमस्कार.

हे पत्र मी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे आणि स्वतः पोस्टात टाकणार आहे. लिहून झाल्यावर कोणी वाचणार नाही, ह्याची इतकी सवय सुटली आहे की मघापासून मी उगीच सावधपणाने लिहिते आहे.

तुमचं ते पत्र ह्यांनी खरोखर एक अक्षर न गाळता वाचलं. ‘शिपाई कोणत्याच बाजूने येत नाही’ इथे आले आणि थांबले. सासूबाई म्हणाल्या, “काऊन थांबला? वाच ना.” ह्यांनी पुढचं वाचलं, पण आवाज दुकानातल्या हिशेबासारखा झाला होता. मी चुलीपुढे होते. मला हसू येत होतं. तीन महिने मी रोज रात्री डोळे मिटले की दारात पोलीस दिसायचा, आणि शेजारीपाजारी ओट्यावर उभे. तो त्या दिवशी गेला.

नाटक चांगलं झालं. विमलचं काम संग्रामपूरच्या शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांनी लुगडं नेसून केलं. तांब्याच्या प्रश्नाला मांडवात कोणी हललं नाही. ‘सासूबाई देतात’ असं विमल म्हणाली आणि बायकांच्या बाजूने एक लांब श्वास ऐकू आला. हे खाली बसले ते अगदी ठरवल्याप्रमाणे, एक प्रश्नही जास्त नाही. भाषणाला टाळ्या, निकालाला टाळ्या. मग न्यायाधीशांचं ते वाक्य झालं आणि विमल उभी राहिली. पडदा ओढणारा थोडा चुकला, उशीर झाला. तेवढा वेळ हे आपले कागद आवरून तिच्याकडे बघत उभे होते. ते नाटकात नव्हतं.

घरी येताना वाटेत हे म्हणाले, “जिंकलो मी. पन मले असं वाटून राह्यलं का मीच पिंजऱ्यात उभा होतो.” ते चांगले आहेत हे मला आधीपासून ठाऊक होतं, आणि त्यानेच माझा जीव जास्त घुसमटायचा.

सुटी संपायला आली तेव्हा मी राजीनामा सही न करता त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ट्रंक भरली. सासूबाईंकडे दिवसा बसायला शेजारच्या तानाबाईंना मी आधीच बोलून ठेवलं होतं. शालिग्रामचं ते कुलूप माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, मामा, ते मीच लिहिलं आहे. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या, “अरे, अडव तिले.” हे म्हणाले, “कशानं अडवू, माय?” आणि ट्रंक उचलून मोटारस्टँडपर्यंत आले. मोटार सुटताना एवढंच म्हणाले की मी वकिलाला विचारणार आहे. विचारलंही आहे म्हणतात. अर्ज येईल की नाही मला माहीत नाही. आला तर मी काय उत्तर देणार आणि तुम्ही ते किती टिकेल म्हणणार, हे आपल्या दोघांनाही पाठ आहे.

परवा पहिला शनिवार होता. शाळा सुटल्यावर निघाले, दोन मोटारी बदलल्या, पोचेपर्यंत दिवे लागले होते. सबंध रस्ता मी एकाच गोष्टीला भीत होते. दार उघडं होतं. हे दारातच उभे होते आणि ह्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता.

आम्ही दोघांनी तांब्याकडे पाहिलं. तो त्यांनी सवयीने भरला होता की वकिलाने सांगितलं म्हणून, मी विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, “कोन आलं रे?” माझा पाय उंबऱ्याबाहेरच होता.

मग हे मागे वळले, आत गेले आणि तांब्यातलं पाणी परत रांजणात ओतलं. रिकामा तांब्या पालथा ठेवला.

“पानी रांजनात हाये,” म्हणाले, आणि दिवा मोठा करायला निघून गेले.

मी चप्पल काढली, आत गेले आणि माझ्या हाताने पाणी घेतलं.

तुमची,
अन्नपूर्णा